विक्री १० टक्के घटली, ईपीएस ६० टक्के घटला. सूत्राने ५० यायला हवे होते. फरक कुठला?

हिशेबी_पान

मंडळी, कास्टिंग बनवणाऱ्या एका छोट्या लिस्टेड कंपनीचे दोन वर्षांचे आकडे समोर ठेवून बसले आहे. नाव देत नाही, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

पहिले वर्ष: विक्री ५० कोटी. कच्चा माल, विजेची युनिटं, जॉबवर्क असा विक्रीबरोबर हलणारा खर्च ३० कोटी. पगार, घसारा, विमा वगैरे स्थिर खर्च १२ कोटी. व्याज-कराआधीचा नफा, म्हणजे एबिट, ८ कोटी. कर्ज ४० कोटी, दर १० टक्के, म्हणजे व्याज ४ कोटी. कर २५ टक्के धरला. निव्वळ नफा ३ कोटी, शेअर १ कोटी, ईपीएस म्हणजे एका शेअरमागचा नफा ३ रुपये.

दुसरे वर्ष: विक्री ४५ कोटी, एबिट ६ कोटी, ईपीएस १ रुपया २० पैसे.

डीएफएल, म्हणजे कर्जाच्या लिव्हरेजमुळे एबिटच्या किती पट ईपीएस हलतो तो आकडा, काढला तर एबिट भागिले करपूर्व नफा, ८ भागिले ४, म्हणजे २. एबिट २५ टक्के घटला, मग ईपीएस ५० टक्के घटून दीड रुपया व्हायला हवा. प्रत्यक्षात ६० टक्के घटला. माझं कुठे चुकतंय?

तेजी_मंदी

लिव्हरेज म्हणाल तर इंट्राडेला ब्रोकर जास्तीत जास्त ५ पट देतो, सेबीच्या मार्जिनच्या नियमामुळे त्यापुढे मिळत नाही. शेअर २ टक्के पडला तर तुमचे १० टक्के गेले. इथेही तसंच काहीतरी असणार. ६० भागिले १० म्हणजे ६ पट.

ताळेबंद

तेजी_मंदी, तुम्ही म्हणता ते लिव्हरेज शेअर घेणाऱ्याच्या खात्यातलं. इथे प्रश्न कंपनीच्या नफातोट्याच्या पत्रकातला आहे. पण शेवटी काढलेला ६ हा आकडा उपयोगाचा आहे, त्यावर परत येतो.

हिशेबी_पान, तुमचं गणित बरोबर आहे. आधी ५० टक्के कुठून येतात ते बघू, मग उरलेले १० टक्के सापडतील.

विक्री ५ कोटींनी घटली तर बदलता खर्च ३ कोटींनी वाचतो आणि विक्रीतून बदलता खर्च जाऊन उरणारं कॉन्ट्रिब्युशन २० वरून १८ वर येतं. हे २ कोटी थेट एबिटमधून जातात, कारण १२ कोटींचा स्थिर खर्च जागचा हलत नाही. ८ मधून २ गेले म्हणजे २५ टक्के. हा पहिला गुणाकार, अडीच पट, आणि त्यात बँकेचा काही संबंध नाही. तो भट्टी, माणसं आणि घसारा यांचा आहे.

आता तेच २ कोटी एक पायरी खाली आणा. बँकेला ४ कोटी द्यायचेच आहेत. आधी ८ मधून ४ देऊन ४ उरत होते, आता ६ मधून ४ देऊन २ उरतात. रक्कम तीच, २ कोटींचीच घट, पण ती आता ४ कोटींच्या उरलेल्या नफ्याशी मोजली जाते. म्हणून ५० टक्के. व्याजाने नुकसान एका रुपयानेही वाढवलं नाही. ज्या उरल्यासुरल्या नफ्यावर ते पडतं, तो नफा व्याजाने बारीक करून ठेवलेला असतो, इतकंच.

अडीच गुणिले दोन, पाच. हा डीसीएल, विक्रीपासून ईपीएसपर्यंतचा एकूण पट. कॉन्ट्रिब्युशनला थेट करपूर्व नफ्याने भागलं तरी तोच येतो: २० भागिले ४. कराचा दर या गुणाकारात कुठेच लागत नाही, कारण ४ चे ३ होतात तसे २ चे दीड होतात, प्रमाण तेच राहतं.

जुना_गुंतवणूकदार

एवढं कशाला? सरळ कर्ज-भांडवल गुणोत्तर बघावं. नेटवर्थ ३० कोटी असेल तर ४० भागिले ३०, म्हणजे १.३३. ज्या कंपनीचं हे गुणोत्तर जास्त, तिचा ईपीएस जास्त उड्या मारणार. तीस वर्षं हाच ठोकताळा वापरतोय.

ताळेबंद

काका, दिशा बरोबर आहे, पण या गुणोत्तरावरून पट कळत नाही. कर्ज ४० कोटी, नेटवर्थ ३० कोटी, दोन्ही तेच ठेवा. एबिट १६ कोटी असेल तर १६ भागिले १२, डीएफएल १.३३. एबिट ८ असेल तर २. एबिट ५ असेल तर ५ भागिले १, म्हणजे ५. ताळेबंदात एक आकडा हलला नाही आणि पट जवळजवळ चौपट झाला.

ठोकताळाच हवा असेल तर व्याज किती वेळा सुटतं ते बघा, म्हणजे एबिट भागिले व्याज. डीएफएल त्याचंच दुसरं रूप आहे. व्याज ५ पट सुटत असेल तर डीएफएल सव्वा. ३ पट सुटत असेल तर दीड, २ पट असेल तर २, दीड पट असेल तर ३, सव्वा पट असेल तर ५. पाचवरून तीनवर येईतो फारसं काही जाणवत नाही. दोनच्या खाली आलं की प्रत्येक दशांशाला पट उसळतो.

जुना_गुंतवणूकदार

हे मान्य. पण एबिट दर तिमाहीला हलतो, कर्ज हलत नाही. कंपनीचा स्वभाव ओळखायला मी अजूनही कर्ज-भांडवल गुणोत्तरच बघेन.

हिशेबी_पान

५० टक्के नीट समजले. पण ६० चं काय?

कर्जखाते

दुसऱ्या वर्षाचा वित्तीय खर्च किती आहे ते बघा, ४ कोटी नसणार. ईपीएस १.२० म्हणजे निव्वळ नफा १.२० कोटी, करपूर्व १.६० कोटी. एबिट ६ मधून १.६० वजा केले की ४.४० राहतात. व्याज ४० लाखांनी वाढलंय.

हिशेबी_पान

बघितलं. बरोबर ४.४० कोटी आहे! पण टर्म लोन तर उलट थोडं कमी झालंय.

कर्जखाते

मग अल्पमुदतीचं कर्ज बघा, आणि त्याच्या शेजारी येणी. अंदाज सांगतो, तपासून घ्या. मंदीत गिऱ्हाईक आधी पैसे थांबवतं. येणी ६० दिवसांवरून ९० दिवसांवर गेली असतील तर ४५ कोटींच्या विक्रीवर ३० दिवसांचे ३.७० कोटी अडकतात. हा पैसा कॅश क्रेडिटमधूनच उचलावा लागतो. टर्म लोन जेवढं फिटलं ते धरून सीसी साधारण ४ कोटींनी वाढली असेल, तर १० टक्क्यांनी तुमचे ४० लाख पुरे होतात.

यात आणखी एक गाठ आहे. बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचलता येईल ती मर्यादा, काढते, आणि बहुतेक मंजुरीपत्रांत ९० दिवसांपुढची येणी त्यातून वगळायची असतात. म्हणजे येणी जुनी झाली की पैशाची गरज वाढते आणि उचल मात्र आखडते. मग कंपनी पुरवठादारांना थकवते किंवा बिलं डिस्काउंट करते. डिस्काउंटचा आकारही वित्तीय खर्चातच येतो.

सूत्र व्याज स्थिर धरतं. धंद्यात विक्री घटते त्याच वर्षी व्याज वाढतं. म्हणून मंदीच्या वर्षात सूत्राचं उत्तर प्रत्यक्षापेक्षा सौम्य येतं. उलट चांगल्या वर्षात विक्री झपाट्याने वाढली तरी स्टॉक आणि येणी फुगतात, व्याज वाढतं, आणि ईपीएस सूत्राइतका वर जात नाही. दोन्हीकडे मार कंपनीलाच.

दराचंही बघा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्के झाला. ४० कोटींचं सगळं कर्ज रेपोला जोडलेलं असेल, तर अडीच टक्क्यांचे वर्षाला १ कोटी. विक्री तीच, एबिट तोच ८ कोटी, पण करपूर्व नफा ४ चा ३ आणि ईपीएस ३ चा २.२५. हा फटका डीएफएलमध्ये कुठेच दिसत नाही, कारण डीएफएल फक्त एबिट हलला तर काय होईल एवढंच सांगतो.

हिशेबी_पान

येणी ६१ वरून ९२ दिवस! अल्पमुदतीचं कर्ज ४.३० कोटींनी वर. म्हणजे सूत्र चुकलं नाही, मी व्याज जागचं हललं नाही असं गृहीत धरलं.

ताळेबंद

हो. आणि म्हणूनच दोन वर्षांच्या ईपीएसचा टक्का एबिटच्या टक्क्याने भागून जो पट येतो, तुमच्या बाबतीत ६० भागिले २५, म्हणजे २.४, त्याला डीएफएल समजू नका. त्यात व्याज, कराचा दर, शेअरची संख्या, सगळ्यांचे बदल मिसळलेले असतात. तेजी_मंदी यांचे ६ पटही तसेच: ५ पट रचनेचे आणि वरचा १ वाढलेल्या व्याजाचा.

आता यापुढचं बघा, कारण खरी भीती पुढच्या वर्षाची आहे. नव्या पातळीवर कॉन्ट्रिब्युशन १८, एबिट ६, व्याज ४.४०, करपूर्व १.६०. डीएफएल ६ भागिले १.६०, म्हणजे ३.७५. डीसीएल १८ भागिले १.६०, म्हणजे ११.२५. गेल्या वर्षी पाच पट होता तो आज सव्वाअकरा झाला, आणि कंपनीने नवं यंत्रसुद्धा घेतलेलं नाही. विक्री आणखी १० टक्के पडून ४०.५० कोटी झाली तर कॉन्ट्रिब्युशन १६.२०, एबिट ४.२०, आणि व्याज दिल्यावर २० लाखांचा तोटा.

शंभराला डीसीएलने भागा. विक्री किती टक्के पडली की नफा शून्य होईल ते मिळतं. पहिल्या वर्षी १०० भागिले ५, म्हणजे २० टक्के उतार सोसण्याची ताकद होती. आता १०० भागिले ११.२५, जेमतेम ९ टक्के. ताळा बघायचा असेल तर स्थिर खर्च आणि व्याज मिळून १६.४० कोटी, प्रत्येक रुपयाच्या विक्रीत ४० पैसे कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे ४१ कोटींची विक्री लागते. ४५ वरून ४१ म्हणजे साधारण ९ टक्केच.

एक्सेलमध्ये असं मांडा. आकडे कोटीत, शेअर १ कोटी धरून:

```
B1: 45
B2: =B1*0.4
B3: =B2-12
B4: 4.4
B5: =B3-B4
B6: =B3/B5
B7: =B2/B5
B8: =B5*0.75/1
```

बी१ मध्ये विक्री आणि बी४ मध्ये व्याज बदलत जा. बी६ मध्ये डीएफएल, बी७ मध्ये डीसीएल, बी८ मध्ये ईपीएस. बी५ शून्याजवळ गेला की बी६ वेड्यासारखा मोठा होतो, आणि शून्याखाली गेला की ऋण. त्या टप्प्यावर पट वाचायचाच नाही, रुपये वाचायचे. बी८ चा आकडाही तोट्यात धरू नका, कारण तोट्यावर लगेच २५ टक्के कर परत मिळत नाही.

इंटर_मे

सर, मी सीए इंटर देतोय. प्रेफरन्स शेअर असतील तर लाभांश व्याजात मिळवायचा ना? माझं उत्तर नेहमी थोडं हुकतं.

ताळेबंद

मिळवायचा, पण तसाच नाही. व्याज कराआधी जातं, प्रेफरन्स लाभांश करानंतर. म्हणून तो आधी कराआधीच्या रुपयांत आणायचा. वरच्याच पहिल्या वर्षात ६० लाखांचा लाभांश घाल. ६० लाख द्यायला कराआधी ८० लाख कमवावे लागतात, ६० भागिले ०.७५. मग खाली उरतात ४ वजा ०.८०, म्हणजे ३.२०, आणि डीएफएल ८ भागिले ३.२०, अडीच. तू ६० लाखच वजा करत असशील तर २.३५ येतो, तिथेच हुकतंय.

ताळा करून बघ. ईपीएस आधी २.४०. एबिट ६ झाला की निव्वळ नफा १.५०, लाभांश वजा जाता ०.९०. घट ६२.५ टक्के. २५ च्या अडीच पट.

लेथ_आणि_मिलिंग

माझी प्रोप्रायटरशिप आहे, शेअर नाहीत, ईपीएस नाही. वर्षाला व्याजच ९ लाख जातं, मशिनचा हप्ता वेगळा. व्याजाआधी नफा १५ लाख. हे मला लागू होतं का?

कर्जखाते

होतं दादा. ईपीएसच्या जागी तुमच्या हातात उरणारा नफा ठेवा. १५ भागिले ६, अडीच पट. फक्त दोन गोष्टी. स्वतःचा पगार तुम्ही खर्चात धरला नसेल, तर बाहेरचा माणूस ठेवला असता तर जे दिलं असतं तेवढे आधी वजा करा. महिना ३० हजार धरले तर १५ चे ११.४० लाख होतात, आणि ११.४० भागिले २.४०, पट पावणेपाच. चित्र एकदम बदलतं.

दुसरं, हप्त्यातली मुद्दल या हिशेबात येतच नाही, कारण ती खर्च नाही. पण खात्यातून तर जाते. नफा दिसतोय आणि हप्ता बाउन्स होतोय असं होतं ते यामुळे. त्यासाठी डीएससीआर बघतात: नफ्यात घसारा आणि व्याज मिळवून जी रक्कम येते, तिला व्याज अधिक मुद्दल यांनी भागायचं.

लेथ_आणि_मिलिंग

पगार धरलाच नव्हता. आज रात्री बसतो हिशेबाला.

ऊसपट्टा

व्याज मंदीतच वाढतं हे साखर कारखान्यासारखं कुठे दिसणार नाही. गाळप चार-पाच महिन्यांत उरकतं, साखर वर्षभर विकायची, तीही केंद्राने ठरवलेल्या महिन्याच्या कोट्याप्रमाणे. ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणून गोदामातल्या साखरेवर माल तारण कर्ज उचलतात. बाजार पडला की साखर पडून राहते, तारणाचं मूल्यांकन घटतं, आणि व्याजाचं मीटर चालूच. लिस्टेड कारखान्याचा डीएफएल एका तिमाहीवरून काढू नका. हंगामातली आणि हंगामाबाहेरची तिमाही म्हणजे दोन वेगळ्या कंपन्या वाटतात. सलग बारा महिने घ्या.

हिशेबी_पान

वार्षिक अहवालातून एबिट नेमका कसा उचलायचा? करपूर्व नफ्यात वित्तीय खर्च मिळवला की झालं?

ताळेबंद

सुरुवात तीच, पण तिथे थांबू नका. आधी इतर उत्पन्न वेगळं काढा. जमीन विकून किंवा ठेवींवर मिळालेले पैसे एबिटमध्ये राहिले तर डीएफएल उगाच सौम्य दिसतो. अपवादात्मक बाबीही बाजूला ठेवा. मग वित्तीय खर्चाची टीप उघडा. इंड एएसची कंपनी असेल तर एप्रिल २०१९ पासून भाडेपट्ट्यांचं व्याजही त्यात असतं.

सगळ्यात मोठी फसगत वेगळ्याच जागी होते. नवा प्लांट उभा राहत असताना त्याच्या कर्जाचं व्याज नफातोट्यात येत नाही, ते प्लांटच्या किमतीत मिळवलं जातं. समजा याच कंपनीने २० कोटींचं आणखी कर्ज काढून नवी लाइन टाकायला घेतली. काम चालू असताना व्याज ४ कोटीच दिसेल, डीएफएल २ च दिसेल. लाइन सुरू झाल्यापासून मात्र ६ कोटी. त्या दिवशी नवीन माल विकून एबिट वाढला नसेल तर ८ भागिले २, पट चार, आणि वर नव्या लाइनचा घसारा एबिट आणखी खाणार. म्हणून ताळेबंदात चालू भांडवली काम मोठं दिसलं की टिपेत भांडवलात मिळवलेलं व्याज शोधा आणि ते व्याजात घालून पट पुन्हा काढा.

शेअरची संख्याही बघा. बोनस किंवा स्प्लिट झाला असेल तर जुना ईपीएस नव्या संख्येवर आणूनच तुलना करायची. आणि बँका, एनबीएफसींना यातलं काही लावू नका, व्याज हा त्यांचा कच्चा माल आहे.

जुना_गुंतवणूकदार

मग या कंपनीने राइट्स आणून, म्हणजे आहेत त्या भागधारकांना नवे शेअर विकून, कर्ज का फेडू नये?

ताळेबंद

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर बघू. ४० रुपयांनी ५० लाख शेअर, २० कोटी उभे, कर्ज निम्मं, व्याज २ कोटी. एबिट ८ वर करपूर्व ६, निव्वळ ४.५०, शेअर दीड कोटी, ईपीएस ३ रुपये. म्हणजे तेवढाच! पण डीएफएल २ वरून १.३३. एबिट ६ ला घसरला तर ईपीएस २ रुपये, कर्ज ठेवलं असतं तर दीड. एबिट १० ला गेला तर राइट्सवाला ४ रुपये, कर्जवाला साडेचार. ८ कोटींवर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. कारण १० टक्के व्याज करानंतर साडेसात टक्क्यांना पडतं, आणि ३ रुपये ईपीएसचा शेअर ४० ला विकणं म्हणजेही साडेसात टक्के.

कर्जखाते

हे पहिल्या वर्षी. आज ईपीएस १.२० असताना बाजार ४० देईल का? २० रुपये मिळाले तर त्याच २० कोटींना १ कोटी शेअर काढावे लागतील. ज्या वर्षी पट जाचायला लागतो त्याच वर्षी इक्विटी महाग पडते. माझ्या मते येणी ६० दिवसांवर आणणं आधी, राइट्स नंतर.

ताळेबंद

२० रुपये धरले तरी व्याज २.४० होईल, एबिट ६ वर करपूर्व ३.६०, निव्वळ २.७०, शेअर २ कोटी, ईपीएस १.३५. आजच्या १.२० पेक्षा जास्तच. आणि डीसीएल सव्वाअकरावरून ५ वर. मी असतो तर २० ला पण काढले असते.

जुना_गुंतवणूकदार

पण विक्री परत ५० कोटींवर आली तर? तेव्हा २ कोटी शेअरमध्ये वाटणी.

कर्जखाते

एबिट ८, व्याज २.४० धरलं तर ईपीएस २.१०. कर्ज ठेवून २.७०. प्रश्न इथेच आहे, ५० कोटी परत येतील याची खात्री किती. हिशेबी_पान, त्यांचा ऑर्डरबुक अहवालात दिलाय का?

हिशेबी_पान

आकडा नाही दिलेला. पण पहिलं गिऱ्हाईक विक्रीच्या ३८ टक्के आहे, आणि थकलेली येणी बहुतेक त्याचीच दिसताहेत. वयोमानाचा तक्ता काढून उद्या इथे टाकते.